मक्तेदाराचा हिशेब : माळव्याची अफू आणि कलकत्त्याचा लिलाव

(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अर्थशास्त्रातील एखादा विषय घरातल्या सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा, अशी चालकांची इच्छा आम्हांस कळविण्यात आली. विषय निवडताना उज्जैनपासून फार दूर जावे लागले नाही. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी ज्या मालाच्या व्यवहारावर ह्या शहरातील सावकारी पेढ्या चालत, त्या मालाचा इतिहास हाच आमच्या विषयाचा उत्तम धडा आहे. तो माल म्हणजे माळव्याची अफू. आणि ज्याच्याशी ह्या पेढ्यांचा सामना झाला, तो त्या काळचा हिंदुस्थानातील सर्वांत मोठा मक्तेदार, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी.

मक्तेदार म्हटला की आपण सहज म्हणतो, ‘त्याचे काय, तो वाटेल तो भाव लावील.’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. भाव लावणे त्याच्या हाती असते हे खरे. परंतु त्या भावाला किती माल उठेल, हे त्याच्या हाती नसते. ते गिऱ्हाइकाच्या हाती असते. भाव चढवला की माल कमी उठतो, आणि जास्त माल खपवायचा तर भाव उतरवावा लागतो. मग मक्तेदार नेमका कोठे थांबतो? आणि तो जेथे थांबतो, तेथे समाजाचे काही नुकसान होते काय? आज आम्ही एवढेच दोन प्रश्न घेणार आहोत.

प्रथम हकीकत सांगतो. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बिहारमधील अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. पुढे पाटणा आणि बनारस ह्या दोन बाजूंचे सारे पीक कंपनीच्याच हाती जाऊ लागले. शेतकऱ्याने खसखशीच्या बोंडातून काढलेला चीक कंपनीलाच द्यावयाचा, तोही कंपनीने ठरवलेल्या भावाने, असा नियम होता. तयार झालेली अफू पेट्यांत भरून कलकत्त्यास जाई आणि तेथे जाहीर लिलावात विकली जाई. लिलावात घेणारे खाजगी व्यापारी ती जहाजाने चीनकडे नेत. चीनच्या बादशहाची अफूला बंदी होती. म्हणून कंपनी स्वतःच्या जहाजांतून ती नेत नसे, पण विकताना ती कोठे जाणार हे तिला पुरते ठाऊक असे.

आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८२० च्या सुमारापर्यंत कंपनी दर वर्षी साधारण चार-पाच हजार पेट्याच लिलावात आणीत असे. बिहारची जमीन जास्त पीक देऊ शकत नव्हती असे नाही. कंपनीने ठरवून हात आखडता घेतला होता. पेट्या थोड्या आणि भाव चढा, हे तिचे धोरण होते. ह्या धोरणामागचा हिशेब काय, तो आता पाहू.

त्यासाठी आम्ही काही आकडे घेतो. हे आकडे कंपनीच्या वहीतील नाहीत; हिशेब सोपा व्हावा म्हणून कल्पिलेले आहेत. समजा, वर्षाला एक हजार पेट्या लिलावात आणल्या तर पेटीला २,६०० रुपये भाव येतो. आणि पुढे प्रत्येक हजार पेट्या वाढवल्या की भाव २०० रुपयांनी उतरतो. वाचकांच्या सोयीसाठी ते कोष्टक येथे देतो. शेवटच्या रकान्यात ‘वाढ’ म्हणून जो आकडा आहे, तो शेवटच्या हजार पेट्यांमुळे एकूण वसुलात किती भर पडली, हे दाखवतो.

१ हजार पेट्या : भाव २,६०० रु. : एकूण वसूल २६ लाख : वाढ २६ लाख
२ हजार पेट्या : भाव २,४०० रु. : एकूण वसूल ४८ लाख : वाढ २२ लाख
३ हजार पेट्या : भाव २,२०० रु. : एकूण वसूल ६६ लाख : वाढ १८ लाख
४ हजार पेट्या : भाव २,००० रु. : एकूण वसूल ८० लाख : वाढ १४ लाख
५ हजार पेट्या : भाव १,८०० रु. : एकूण वसूल ९० लाख : वाढ १० लाख
६ हजार पेट्या : भाव १,६०० रु. : एकूण वसूल ९६ लाख : वाढ ६ लाख
७ हजार पेट्या : भाव १,४०० रु. : एकूण वसूल ९८ लाख : वाढ २ लाख
८ हजार पेट्या : भाव १,२०० रु. : एकूण वसूल ९६ लाख : घट २ लाख

दुसऱ्या रकान्यातील भाव म्हणजे मागणीची रेषा. शेवटच्या रकान्यातील वाढीला अर्थशास्त्रात सीमांत प्राप्ती म्हणतात. सीमेवरचा, म्हणजे शेवटचा नग विकल्याने वसुलात जी भर पडते, ती सीमांत प्राप्ती. आता सहाव्या ओळीकडे पाहा. सहावे हजार १,६०० रुपये भावाने विकले गेले, म्हणजे त्यांचे सोळा लाख आले. मग वाढ सहाच लाखांची कशी? उरलेले दहा लाख कोठे गेले?

ते आधीच्या पाच हजार पेट्यांवर गेले. पाच हजारच आणल्या असत्या तर त्या प्रत्येकीला १,८०० आले असते. सहावे हजार आणल्यामुळे सगळ्यांचाच भाव १,६०० झाला. पाच हजार पेट्यांवर दोनदोनशे रुपये सुटले, म्हणजे दहा लाख. सोळातून दहा गेले, राहिले सहा. साऱ्या गोष्टीचे मर्म एवढ्यातच आहे. मक्तेदार नवा माल विकतो तेव्हा त्याला नव्या मालाची किंमत मिळते खरी, पण त्याच वेळी त्याच्याच जुन्या मालाची किंमत खाली येते. हा तोटा वजा करावा लागतो; म्हणून सीमांत प्राप्ती नेहमी भावाच्या खाली राहते. पहिल्या पायरीवर मागे जुना माल नसतो, म्हणून तेवढ्यापुरते दोन्ही आकडे जुळतात. पुढे अंतर वाढतच जाते. आमच्या कोष्टकात दर पायरीला भाव २०० रुपयांनी उतरतो, पण वाढ चार लाखांनी, म्हणजे पेटीमागे ४०० रुपयांनी उतरते. मागणीची रेषा सरळ असली की हे असेच घडते: सीमांत प्राप्तीची रेषा तिच्या दुप्पट वेगाने खाली येते.

येथे कोणी विचारील की, ‘आमच्या मंडईतल्या धान्याच्या व्यापाऱ्यालाही हाच नियम नाही काय?’ नाही. मंडईत हजारो पोती गहू येतो. एखाद्याने आपली आणखी दहा पोती आणली म्हणून भाव हलत नाही. त्याच्या दृष्टीने दहा पोत्यांची वाढ म्हणजे दहा पोत्यांचा पुरता भाव. त्याची सीमांत प्राप्ती आणि बाजारभाव एकच असतात. फरक माणसाच्या लोभात नाही. मंडईतला व्यापारीही लोभी असू शकतो. फरक इतकाच की, भाव पडण्याचा फटका त्याच्या स्वतःच्या मालाला बसत नाही. मक्तेदाराला मात्र तो सगळाच्या सगळा बसतो.

आणखी एक शंका रास्त आहे. मक्तेदाराने पहिल्या हजार पेट्या २,६०० ना विकाव्या, दुसऱ्या २,४०० ना, आणि असेच खाली यावे. मग जुन्या मालाचा तोटा होतोच कोठे? तसे करता आले तर तोटा खरोखरच होणार नाही. परंतु कलकत्त्याचा लिलाव उघडा होता आणि घेणारे व्यापारी आपसांत माल फिरवू शकत. पुढच्या फेरीत भाव उतरणार हे कळले की आज कोण चढा भाव देईल? ज्याला स्वस्त मिळाली तो महाग घेणाऱ्याला विकील. म्हणून असा भाव सर्वांना जवळपास एकच पडतो. आमचा सारा हिशेब ह्या एका गृहीतावर उभा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

आता थांबावे कोठे, ते पाहू. समजा, एक पेटी कलकत्त्यापर्यंत आणून ठेवण्यास कंपनीला ४०० रुपये पडतात. म्हणजे दर हजार पेट्यांमागे चार लाख खर्च. पाचव्या हजाराने वसुलात दहा लाखांची भर पडते, खर्च चार लाख, आणावे. सहाव्याने सहा लाखांची भर, आणावे. सातव्याने दोनच लाखांची भर आणि खर्च मात्र चार लाख; आणू नये. कंपनी सहा हजारांवर थांबेल. भाव येईल १,६०० आणि नफा राहील बहात्तर लाख. पाच हजारांवर किंवा सात हजारांवर हिशेब करून पाहिला तर दोन्हीकडे नफा सत्तर लाखच येतो.

म्हणजे मक्तेदाराने प्रथम भाव ठरवला आणि मग लोकांना लुटले, असे चित्र खरे नव्हे. त्याने प्रथम माल कोठवर न्यायचा ते ठरवले. शेवटच्या मालाची वाढ आणि त्याचा खर्च जेथे भेटले तेथे तो थांबला, आणि तेवढा माल उठण्यासाठी मागणीच्या रेषेने जो भाव दाखवला तो त्याने घेतला. वाटेल तो भाव घेतला असता, म्हणजे २,६०० धरून बसला असता, तर एक हजार पेट्या उठून नफा बावीस लाख झाला असता. अति ताणणे मक्तेदारालाही परवडत नाही. त्याचप्रमाणे आठव्या ओळीकडेही पाहा. तेथे जास्त माल विकून वसूल उलट घटतो. असा माल फुकट हाती आला तरी मक्तेदार तो बाजारात आणणार नाही. डच कंपनीने मलुकू बेटांवर लवंगांची झाडे तोडून टाकली आणि ॲम्स्टरडॅममध्ये मसाल्याचे साठे जाळले, ते ह्याच कारणासाठी. आपला माल जाळणारा व्यापारी वेडा नसून मक्तेदार असण्याचा संभव अधिक.

आता दुसरा प्रश्न. ह्यात समाजाचे नुकसान कोणते? पहिले उत्तर सुचते ते असे की, ४०० च्या मालाला १,६०० घेतले, हेच नुकसान. परंतु सहा हजार पेट्यांवर जे बहात्तर लाख जास्त घेतले गेले, ते घेणाऱ्याच्या खिशातून निघून कंपनीच्या तिजोरीत गेले. तो अन्याय असेल, आणि आम्ही तसे मानतो. पण ते पैसे नाहीसे झाले नाहीत. एकाचे गेले, दुसऱ्यास मिळाले. खरोखर नाहीसे झाले ते दुसरेच काही. सातव्या हजाराचे गिऱ्हाईक पेटीला १,४०० देण्यास तयार होते. ती पेटी काढण्यास ४०० च लागत होते. म्हणजे पेटीमागे १,००० रुपयांचा फायदा दोघांत कसाही वाटून घेता आला असता. पण पेटी आलीच नाही. हे दहा लाख घेणाऱ्याला मिळाले नाहीत, आणि विकणाऱ्यालाही मिळाले नाहीत. आठव्या हजारावर असेच आठ लाख, नवव्यावर सहा, दहाव्यावर चार, अकराव्यावर दोन. बाराव्या हजारावर भाव आणि खर्च समान होतात, तेथे हे संपते. बेरीज तीस लाख. ह्यालाच अर्थशास्त्रात मृतभार हानी म्हणतात. ती कोणाच्याच जमेस पडत नाही, म्हणून कोणाच्याच वहीत दिसत नाही.

ती ओळखावी कशी? किंमत पाहून नव्हे. रिकाम्या हाताने परत गेलेल्या माणसाकडे पाहून. खर्चापेक्षा जास्त दाम देण्यास जो तयार होता आणि तरीही ज्याला माल मिळाला नाही, तो ह्या हानीची खूण होय. दुकानात जो आला आणि महाग का होईना घेऊन गेला, त्याचे गाऱ्हाणे आपल्या कानी पडते. जो आलाच नाही, त्याचे पडत नाही.

ह्याचा सर्वांत स्पष्ट दाखला अफूत नव्हे, मिठात सापडतो. त्याच कलकत्त्यात तीच कंपनी बंगालच्या मिठाचाही मक्ता चालवीत होती. १७८८ पासून मीठही लिलावाने विकले जाऊ लागले. वर्षाला किती मीठ बाजारात सोडायचे ते कंपनी ठरवी, आणि मोठे व्यापारी ते उचलून पुढे विकीत. रीत तीच: माल मोजून थोडा, भाव चढा. मीठ घरोघर लागते, म्हणून श्रीमंताने ते महाग असले तरी घेतले. गरिबाने काय केले? त्याने चिमूट लहान केली किंवा चोरून काढलेले, मातीमिश्रित मीठ घेतले. समुद्राकाठी मीठ तयार करण्यास लागणारा खर्च थोडा, आणि त्या खर्चाहून अधिक देण्यास तयार असलेली माणसे पुष्कळ, तरी मीठ त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. ह्या गाळलेल्या चिमटीची बेरीज हीच मृतभार हानी. अखेर १८३६ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटच्या समितीने ह्या पद्धतीला हरकत घेतली. मग माल मोजून लिलावात सोडण्याची रीत बंद झाली. भाव ठरवून मागेल तेवढे मीठ देण्याची रीत आली. मिठावरचा भारी कर पुढेही राहिला, आणि त्याची कथा १९३० च्या दांडीपर्यंत जाते. पण मक्त्याचा पुरवठा आखडता ठेवणे वेगळे आणि कर वेगळा, हे १८३६ च्या बदलाने दाखवून दिले.

आता अफूकडे परत येऊ, कारण आपल्या उज्जैनची गोष्ट अजून सांगावयाची राहिली आहे.

कंपनीचा मक्ता बिहारपुरता होता. माळव्याच्या काळ्या जमिनीत अफू उत्तम पिकत होती, आणि माळवा शिंदे, होळकर व इतर संस्थानिकांच्या ताब्यात होता. येथील सावकार शेतकऱ्याला आगाऊ पैसे देत, चीक विकत घेत, गोळे बांधून पेट्या भरीत आणि त्या समुद्राकडे पाठवीत. उज्जैन, इंदूर, मंदसौर ही ह्या व्यवहाराची ठाणी होती. कंपनीने मुंबई बंदरातून ही अफू जाऊ न देण्याचा प्रयत्न केला. तेव्हा माल राजपुतान्यातून पाली आणि जेसलमेरच्या वाटेने वाळवंट ओलांडून कराचीस जाऊ लागला आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला. वाट लांब होती, उंटभाडे भारी होते, जागोजागी जकात होती. तरीही धंदा चालत होता. का? कारण कलकत्त्याचा भाव इतका चढा ठेवलेला होता की एवढा खर्च करूनही माळव्याच्या पेटीत फायदा उरत होता. बिहारचा पुरवठा आखडता ठेवून कंपनीनेच जणू माळव्याच्या उंटांचे भाडे भरले होते.

१८१८ मध्ये मराठ्यांशी युद्ध संपल्यावर कंपनीला वाटले, आता हे भोक बुजवता येईल. १८२० च्या सुमारास तिने माळव्यातील अफू स्वतःच विकत घेण्यास सुरुवात केली. हेतू असा की, सारा माल आपल्या हाती आला म्हणजे पुन्हा आपणच थोडा थोडा सोडू. पण चढ्या भावाने खरेदी सुरू होताच शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. जितके घ्यावे तितके पीक वाढू लागले. मग कंपनीने पुष्कळ संस्थानांशी करार करून पीक आणि वाहतूक आवळण्याचा प्रयत्न केला. शिंदे सरकारने असा करार केला नाही. आणि उज्जैन तर शिंद्यांचे. एक दार उघडे राहिले म्हणजे बाकीची दारे बंद करून उपयोग नसतो. १८३० च्या सुमारास हा सारा खटाटोप सोडून देण्यात आला.

आता आपल्या कोष्टकाकडे पुन्हा वळू. समजा, बाजारात एकूण सहाच हजार पेट्या आहेत, पण त्यांतल्या तीन हजार कंपनीच्या आणि तीन हजार माळव्याच्या. भाव पूर्वीसारखाच १,६००. कंपनीने सातवे हजार आणावे काय? एकटी होती तेव्हा वाढ दोनच लाख होती, म्हणून ती थांबली होती. आता काय होते ते पाहा. नव्या हजार पेट्यांचे १,४०० प्रमाणे चौदा लाख आले. जुन्या पेट्यांवर दोनदोनशे सुटले. पण कंपनीच्या स्वतःच्या जुन्या पेट्या तीन हजारच, म्हणजे तोटा सहा लाख. वाढ आठ लाख, खर्च चार. अर्थात आणावे! माळव्याच्या तीन हजार पेट्यांवर जे सहा लाख सुटले, ते कंपनीच्या हिशेबात येतच नाहीत. ते उज्जैनच्या सावकाराच्या वहीत पडतात.

भाव तोच, मागणी तीच, खर्च तोच. तरी जी पेटी एकट्या मक्तेदाराला परवडत नव्हती ती दोघांपैकी एकाला परवडू लागली. कारण भाव पडण्याचा फटका आता वाटला गेला. स्पर्धा भाव खाली आणते ती ह्याच वाटेने. आणि माळव्याची बाजू तर एका हातात नव्हती. येथे अनेक पेढ्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक आपल्या थोड्या पेट्यांपुरताच विचार करी. मंडईतल्या व्यापाऱ्याप्रमाणे, भाव खर्चाहून वर आहे तोवर ती माल पाठवीत राही. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर हात आखडता घेणे म्हणजे आपली जागा त्याला देणे होते.

कंपनीने पुढे जे केले ते ह्याच्याशी जुळणारे आहे. एकीकडे तिने बिहारमधील पीक वाढवले. १८३३ नंतर चीनचा व्यापार सर्वांना मोकळा झाला, हेही त्यामागचे एक कारण होते. दुसरीकडे तिने माळव्याच्या मालाला मुंबईचा रस्ता उघडून दिला, पण परवाना घेऊन. १८३१ मध्ये पेटीला १७५ रुपये परवाना ठेवला. तो जड ठरला. माल कराचीच्या वाटेने जातच राहिला. म्हणून १८३५ मध्ये तो १२५ वर आणावा लागला. परवाना किती ठेवता येईल, हे कंपनीच्या मर्जीवर नव्हते. दोन वाटांच्या खर्चातील फरकावर होते. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर ती वाळवंटाची वाट बंद झाली, आणि परवाना लगेच २०० वर गेला. १८४७ पर्यंत ४०० झाला. दुसरी वाट असणे आणि नसणे ह्यांत काय अंतर असते, ते ह्या तीन आकड्यांत दिसते.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बिहार आणि माळवा ह्यांच्या चढाओढीत पेट्या वाढत गेल्या. १८३८-३९ साली चीनकडे गेलेल्या पेट्या चाळीस हजारांच्या आसपास होत्या असे सांगतात. आमच्या कोष्टकाप्रमाणे बोलायचे तर, एकूण माल सहा हजारांवरून आठ हजारांवर गेला की मृतभार हानी तीस लाखांवरून बारा लाखांवर येते. कागदावर समाजाचा अठरा लाख फायदा झाला. पण प्रत्यक्षात काय झाले? चिनी कुटुंबांत व्यसन वाढले, १८३९ मध्ये लिन त्सेशू ह्या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, आणि त्यावरून युद्ध पेटले.

मग हिशेब चुकला काय? हिशेब चुकला नाही. त्याची मर्यादा दिसली. मागणीची रेषा एवढेच सांगते की घेणारा किती देण्यास तयार आहे. ती वस्तू घरी गेल्यावर बायकामुलांचे काय होईल, हे त्या रेषेत नसते. मिठाच्या बाबतीत देण्याची तयारी आणि घराचे हित एकच होते, म्हणून तेथे मृतभार हानी हे खरे नुकसान होते. अफूच्या बाबतीत ते दोन वेगळे होते, म्हणून तेथे मक्तेदाराने आखडलेला हात हा नकळत चीनच्या उपयोगी पडला. त्याने तो दयेने आखडला नव्हता, नफ्यासाठीच आखडला होता, हे मात्र विसरता कामा नये. म्हणूनच माळव्यात येणारा फायदा वाढताच त्याने तो सैल केला.

ह्या सर्व गोष्टी ज्या काळात घडत होत्या, त्याच काळात, १८३८ साली, कूर्नो नावाच्या एका फ्रेंच गणितज्ञाने ह्या हिशेबाचे सूत्र प्रथम मांडले. एकाच धन्याच्या मालकीचा खनिज पाण्याचा झरा घेऊन त्याने एकट्याचा भाव काढला. मग दुसरा झरा आणून दोघे झाल्यावर माल कसा वाढतो आणि भाव कसा उतरतो, ते दाखवले. दोन झरे आणि दोन अफूंचे प्रदेश ह्यांत गणिताच्या दृष्टीने काहीच फरक नाही. सीमांत प्राप्ती हे नाव मात्र ह्या वाढीला पुष्कळ उशिरा, १९३० च्या सुमारास मिळाले, आणि मिसेस जोन रॉबिन्सन ह्यांच्या १९३३ च्या ग्रंथामुळे ते सर्वत्र रुळले.

आज माळव्यात मंदसौर, नीमच, रतलाम ह्या भागांत अफू पिकते ती सरकारी परवान्याने, औषधांसाठी. आणि शेतकऱ्याने ती सरकारलाच द्यावयाची असते. तेथेही घेणारा एकच आहे. पण तेथे हात आखडता ठेवण्याचे कारण नफा नसून वस्तूचा धोका हे आहे. मक्ता दिसला की लगेच निंदा किंवा स्तुती करण्याऐवजी आपण तीन प्रश्न विचारावे, असे आम्ही सुचवितो. माल मुद्दाम आखडता ठेवला आहे काय? खर्चाहून अधिक दाम देण्यास तयार असलेले कोण रिकाम्या हाताने परत जात आहे? आणि ती वस्तू त्याच्या घरी जावी हे त्याच्या हिताचे आहे काय? मिठाच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी किंवा माणसे दाखवून देता आली, म्हणून तो मक्ता टिकला नाही. अफूच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि ते कोणी वेळेवर विचारले नाही.